चेंडू लागून सुजलेले बोट

झेल घेताना क्रिकेटचा चेंडू किंवा ब्लॉक करताना व्हॉलीबॉल बोटाच्या टोकावर सरळ आदळला की तो धक्का बोटाच्या लांबीतून मागे जातो आणि बहुतेक वेळा मधल्या सांध्यावर येऊन थांबतो. काही मिनिटांतच तो सांधा सुजू लागतो, बोट पूर्ण मिटत नाही आणि सरळ करतानाही दुखते. खेळाडू याला ‘बोट ठेचले’ किंवा ‘बोट मुरगळले’ म्हणतात. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या सुजेखाली नुसता मुका मार, अस्थिबंधाची लचक, कंडरेची फाटणी, हाडाचा निघालेला कपचा किंवा निसटलेला सांधा यांपैकी काहीही असू शकते. सूज किती आहे यावरून इजा किती गंभीर आहे हे ठरत नाही. बोटाला कोणती हालचाल करता येत नाही, यावरून ते ठरते. हे विवेचन तर्जनीपासून करंगळीपर्यंतच्या चार बोटांपुरते आहे. अंगठ्याची रचना आणि त्याच्या दुखापती वेगळ्या असतात.

मधला सांधा बिजागरीसारखा एकाच दिशेने हलतो. त्याच्या दोन्ही कडांना आडवी हालचाल रोखणारे अस्थिबंध असतात, तळहाताच्या बाजूला बोट मागे झुकू न देणारी एक जाड, तंतुमय पट्टी असते, आणि पाठीवर बोट सरळ करणाऱ्या कंडरेचा मधला पदर दुसऱ्या पेराच्या बुडाशी जोडलेला असतो. चेंडूच्या धक्क्याने सांधा मागे दुमडला गेला तर तळहाताकडची पट्टी ताणली जाते किंवा आपल्या हाडावरून उपटून निघते. हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. ताठ धरलेले बोट जोराने पुढे दुमडले गेले, तर मात्र पाठीवरचा मधला पदर तुटू शकतो. हा प्रकार त्या मानाने कमी आढळतो. पण सुरुवातीला ओळखू न आल्यामुळे सर्वांत जास्त नुकसान यातच होते.

दुखापत झाल्यावर बोटात अंगठी असेल तर ती लगेच काढावी, कारण तासाभराने ती निघेलच असे नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि हात हृदयाच्या पातळीच्या वर धरावा. मैदानावर कोणीतरी बोट ओढून ‘बसवून’ देण्याची जी सवय दिसते, ती टाळावी. सांधा निसटलेला नसेल तर ओढून काही साधत नाही. निसटलेला असेल तर त्याच्याबरोबर हाडही मोडलेले आहे का हे एक्स-रेशिवाय कळत नाही. बोट उघड वाकडे दिसत असेल, त्याला जखम होऊन आतले काही दिसत असेल, किंवा टोक पांढरे, गार वा बधिर पडले असेल, तर पुढच्या चाचण्या करत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

वाकडेपणा नसेल तर बर्फाने वेदना थोडी उतरल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, टोकाचा सांधा स्वतःच्या ताकदीने सरळ होतो का. दुसरी, मधले पेर दुसऱ्या हाताने धरून ठेवले असता टोक वाकवता येते का. तिसरी, मूठ अर्धवट वळवल्यावर सगळ्या बोटांची टोके मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला वळतात का, की दुखरे बोट शेजारच्या बोटावर चढते. बोट असे चढत असेल तर हाड मोडून पिळले गेलेले असण्याची दाट शक्यता असते, मग सूज कितीही कमी असो. टोक वाकवताच येत नसेल तर बोट मिटणारी खोल कंडरा हाडावरून तुटलेली असते. ती तळहातात मागे सरकू शकते आणि दिवस जातील तशी परत जोडणे अवघड होत जाते, म्हणून अशा वेळी पहिल्या आठवड्यातच हाताच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे लागते.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील, मधला सांधा पूर्ण ताकदीने सरळ करता येत असेल, आणि दुखणे मुख्यतः तळहाताच्या बाजूला किंवा एका कडेला असेल, तर बहुधा ती पट्टीची किंवा कडेच्या अस्थिबंधाची लचक असते. अशा बोटाला कडक पट्टीत बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे. दुखरे बोट शेजारच्या निरोगी बोटाला जोडावे. दोन्ही बोटांमध्ये गॉजची पातळ घडी ठेवावी, मग एक टेप पहिल्या पेरावर आणि दुसरा मधल्या पेरावर गुंडाळावा. सांधे मोकळे राहिले पाहिजेत. असे बोट दिवसभर हलत राहते, पण आडवे किंवा मागे जात नाही. सांधा मागे झुकताना फार दुखत असेल तर डॉक्टर पाठीवर अशी स्प्लिंट लावतात की सरळ होताना सांधा २० ते ३० अंश वाकलेला असतानाच अडावा, मिटायला मात्र मोकळा राहावा. पुढच्या काही आठवड्यांत हा कोन कमी करत नेतात. मधला सांधा विनाकारण तीन-चार आठवडे बांधून ठेवला तर तो इतका आखडतो की मूळ दुखापतीपेक्षा त्या ताठरपणावरच जास्त काळ उपचार करावे लागतात. ‘जपून ठेवले म्हणजे बरे होते’ हा समज येथे उलटा पडतो.

पाठीवरचा मधला पदर तुटला असेल, तर मात्र सतत बांधून ठेवणे हाच उपचार आहे. समजा, ब्लॉक करताना एका खेळाडूच्या उजव्या मधल्या बोटावर चेंडू बसला. त्या संध्याकाळी मधला सांधा सुजलेला आहे, तळहाताच्या बाजूला दाबले तर फारसे दुखत नाही, पण पाठीवर मधल्या पेराच्या बुडाशी बोट टेकवताच तो हात मागे घेतो. बोट सरळ करायला सांगितले तर ते थोड्या कष्टाने, पण जवळजवळ पूर्ण सरळ होते. येथे अनेकांची दिशाभूल होते. मधला पदर तुटला तरी त्याच्या दोन्ही कडांनी जाणारे कंडरेचे पदर अजून सांध्याच्या पाठीवरच असतात आणि तात्पुरते त्याचे काम करतात.

हे उघडकीस आणणारी चाचणी आर. ए. एल्सन यांनी १९८६ मध्ये मांडली. खेळाडूने मधला सांधा काटकोनात वाकवून बोट टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि तपासणाऱ्याने मधल्या पेरावर वरून हलका दाब ठेवून त्याला बोट सरळ करायला सांगायचे. पदर शाबूत असेल तर मधल्या पेरावर वरच्या दिशेचा जोर जाणवतो आणि टोकाचा सांधा ढिला, लुळा राहतो. पदर तुटला असेल तर मधल्या पेराला जोर येत नाही, उलट सगळा ताण टोकाकडे जाऊन टोकाचा सांधा कडक होतो. आपल्या उदाहरणातल्या खेळाडूचे टोक असेच कडक झाले. एक्स-रेमध्ये हाडे नीट दिसली, तरीही मधला सांधा पूर्ण सरळ राहील अशी स्प्लिंट सहा आठवडे दिवसरात्र लावण्याचा निर्णय झाला. टोकाचा सांधा मोकळा ठेवून तो दिवसातून अनेकदा वाकवायला सांगितले, कारण त्या हालचालीने कडेचे पदर पुढे ओढले जाऊन आपल्या जागी राहतात.

हेच बोट ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून नुसत्या टेपवर सोडले असते, तर एक ते तीन आठवड्यांत कडेचे पदर घसरून सांध्याच्या अक्षाखाली गेले असते. मग तेच पदर मधला सांधा सरळ करण्याऐवजी वाकवू लागतात आणि टोक मागे उचलतात. या व्यंगाला बुतोनिए विकृती म्हणतात. ती पक्की झाली की शस्त्रक्रियेनेही पूर्ण सुधारेल याची खात्री नसते. म्हणून पाठीवर ठळक दुखणारा सुजलेला मधला सांधा, चाचणीचा निकाल शंकास्पद असला तरी, आधी सरळ स्प्लिंटमध्ये ठेवून आठवड्याच्या आत पुन्हा तपासणे हेच शहाणपणाचे ठरते.

टोकाचा सांधा झुकलेला राहत असेल आणि स्वतःहून सरळ होत नसेल तर तो मॅलेट फिंगर होय. येथे पाठीवरची कंडरा शेवटच्या पेरावरून सुटलेली असते. फक्त टोकाचा सांधा सरळ ठेवणारी स्प्लिंट सहा ते आठ आठवडे सतत लावतात, मधला सांधा मोकळा राहतो, आणि त्यानंतर आणखी काही आठवडे ती रात्री वापरतात. आंघोळीनंतर स्प्लिंट बदलताना बोट टेबलावर पालथे टेकवून टोकाला आधार द्यावा लागतो. टोक एकदा जरी खाली पडले तरी भरत आलेली कंडरा पुन्हा ताणली जाते आणि मुदत पहिल्यापासून मोजावी लागते. बांधताना टोक मागे इतके ताणू नये की सांध्यावरची कातडी पांढरी पडेल, कारण तेथे त्वचेला व्रण होतो.

एक्स-रे कधी काढावा याचे उत्तर यातूनच मिळते. वाकडे किंवा पिळलेले बोट, कोणताही सांधा स्वतःहून सरळ किंवा वाकडा न होणे, हाडाच्या एका ठरावीक ठिकाणी बोटाने दाबल्यावर होणारी तीव्र वेदना, आडवे हलवल्यावर सांधा उघडणे, आणि आठवड्याभरात सूज व हालचाल न सुधारणे, यांपैकी काहीही असले तर तो काढावा. मॅलेट फिंगरमध्येही तो हवाच, कारण कंडरेबरोबर हाडाचा तुकडा निघाला आहे का आणि सांधा तळहाताकडे सरकला आहे का हे त्यावर ठरते. मधला सांधा चांगलाच सुजला असेल तर बाकी काही नसले तरी एक्स-रे काढणे योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यात गमावण्यासारखे थोडे आणि सापडण्यासारखे बरेच असते.

मात्र तो संपूर्ण हाताचा नव्हे, त्या एकाच बोटाचा असावा, आणि त्यात समोरून, तिरपा व अगदी काटेकोर बाजूने असे तीन कोन असावेत. बाजूच्या चित्रात मधल्या पेराचे बूड आणि पहिल्या पेराचे डोके यांमधली फट सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. पाठीच्या बाजूला ती पाचरीसारखी उघडत असेल तर सांधा अर्धवट निसटलेला असतो. इतर बोटांची छाया त्यावर पडली की नेमके हेच नजरेतून सुटते. तळहाताकडच्या कडेचा बारीक कपचा निघाला असेल आणि सांधा जागेवर असेल तर उपचार लचकेसारखाच राहतो. तुकडा सांध्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्क्यांहून मोठा असेल तर सांधा सहसा स्थिर राहत नाही आणि शल्यचिकित्सकाची गरज पडते. मुलांमध्ये हाड वाढवणारी कूर्चा अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते, त्यामुळे मोठ्या माणसाला जिथे लचक येते तिथे मुलाचे हाड मोडलेले असू शकते. मुलाचे टोक झुकलेले असून नखाच्या मुळाशी रक्त दिसत असेल तर ते उघडे अस्थिभंग समजून त्याच दिवशी दाखवावे.

साध्या लचकेत खेळाडू बहुधा काही आठवड्यांत, बोटे जोडून टेप लावून, पुन्हा खेळू लागतो. हालचाल जवळजवळ पूर्ण आणि पकड वेदनारहित झाली की खेळण्यास हरकत नसते. सांध्याचा जाडपणा मात्र कित्येक महिने टिकतो आणि काहींच्या बाबतीत कायम राहतो. हालचाल वाढत असेल तर नुसत्या जाडपणासाठी उपचार लागत नाहीत.