अंतिम प्रुफावर सही करण्याआधी : स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांसाठी

‘पुस्तक कितीला पडेल?’ हे आम्हाला बहुतेक वेळा मजकूर हातात येण्याआधीच विचारले जाते. तेव्हा आम्ही फक्त अंदाज सांगतो. पक्के कोटेशन पानांची मांडणी झाल्यावरच देतो, कारण छपाईचा हिशेब फॉर्मवर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पृष्ठांवर चालतो. डेमी आकारात एक फॉर्म म्हणजे १६ पृष्ठे.

समजा, तुमच्या आठवणींचे पुस्तक मांडणीनंतर १९२ पृष्ठांचे झाले. बरोबर १२ फॉर्म. त्यावर कोटेशन दिले, कण्याची जाडी मोजून मुखपृष्ठही तयार झाले. अंतिम प्रुफावर सही झाल्यावर एका स्नेह्यांची प्रस्तावना आली आणि सहा पृष्ठे वाढली. आता निदान अर्धा फॉर्म जास्त छापावा लागणार. त्याची प्लेट वेगळी, आणि ५०० प्रती असतील तर अर्धा रीम कागद व वर वाया जाणारा कागद धरायचा. प्रस्तावना पुढे येत असल्याने पृष्ठक्रमांक सरकतात, अनुक्रमणिका पुन्हा जुळवावी लागते, कणा बदलतो म्हणून मुखपृष्ठाची फाइल पुन्हा करावी लागते. पैशांपेक्षा यात वेळ जास्त जातो. म्हणून प्रस्तावना, ऋणनिर्देश, छायाचित्रे यायची असतील तर आधीच सांगा. तेवढी पृष्ठे आम्ही मोकळी ठेवतो.

वाक्यांची दुरुस्ती संपादनातच संपवा. मांडणीनंतरचे प्रूफ हे शुद्धलेखन, सुटलेल्या ओळी आणि नावे तपासण्यासाठी असते. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि जोडाक्षरे नीट पाहा. चुका तिथेच जास्त होतात. आमच्या दरात दोन प्रुफे धरलेली आहेत. तिसऱ्यापासून पृष्ठानुसार जादा खर्च लागतो. काहींना तो जाचक वाटतो, पण त्यामुळेच पहिली दोन प्रुफे मन लावून वाचली जातात.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी अर्ज मांडणी सुरू असतानाच करा. भारतात त्याला शुल्क नाही, मात्र क्रमांक आल्याशिवाय मलपृष्ठावरचा बारकोड टाकता येत नाही.

प्रकाशन समारंभाची तारीख अंतिम प्रुफावर सही झाल्यावरच ठरवा, आणि निमंत्रणपत्रिका त्यानंतर छापा. विशेषतः दसरा-दिवाळीला पुस्तक हवे असेल तर पावसाळा सुरू होतानाच मजकूर द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छापखाने आणि बाइंडर दिवाळी अंकांत गुंतलेले असतात. घाईत केलेल्या बांधणीतला गोंद नीट वाळला नाही, तर पुस्तक उघडताच पाने सुटतात.

आमच्या कोटेशनमध्ये संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणीचे दर वेगवेगळे लिहिलेले असतात. दुसरीकडचे कोटेशन कमी वाटले तर कागदाचे जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, प्रुफांची संख्या आणि बांधणी शिवून की नुसत्या गोंदाने, एवढे तिथे विचारून घ्या. प्रती थोड्या हव्या असतील तर ऑफसेटऐवजी डिजिटल छपाईचा दरही आमच्याकडून मागून घ्या. पहिल्या भेटीला पूर्ण मजकूर, छायाचित्रांची संख्या आणि किती प्रती हव्यात ते घेऊन या.