मृत्युपत्राची नोंदणी: सक्ती नाही, आणि एवढ्याने भागतही नाही

मृत्युपत्र नोंदवलेले नसेल तर ते कायद्याने शून्य, असे सांगून वारसांना तलाठी कार्यालयातून किंवा गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीतून परत पाठवले जाते. हे म्हणणे चूक आहे. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 18 मध्ये मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक ठरवली आहे आणि कलम 27 नुसार ते नोंदणीसाठी केव्हाही सादर करता येते, त्यासाठी मुदत नाही. साध्या कागदावर लिहिलेले, मुद्रांक नसलेले आणि कपाटात ठेवलेले मृत्युपत्रही अंमलात आणता येते.

वैधता ठरते ती भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 वरून. हिंदू मृत्युपत्रांनाही ते लागू आहे. मृत्युपत्रकर्त्याने सही किंवा अंगठा केला पाहिजे, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहून, किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर आपापल्या सह्या केल्या पाहिजेत. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. मुस्लिम व्यक्तीची गोष्ट वेगळी, कारण तेथे तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाते, मात्र सर्वसाधारणपणे मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच. गोव्याची पद्धतही स्वतंत्र आहे.

महाराष्ट्रात नोंदणीची प्रक्रिया अवघड नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी शुल्क 100 रुपये आहे आणि पानांनुसार हाताळणी शुल्क वेगळे पडते. मूळ मृत्युपत्र, ओळखपत्र, छायाचित्र आणि ओळख पटवणाऱ्या दोन व्यक्ती घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जावे. मिळकत जिथे आहे तिथल्याच कार्यालयात गेले पाहिजे, असे मृत्युपत्राच्या बाबतीत बंधन नाही. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याला घरी बोलावता येते. डॉक्टरांचा दाखला कायद्याने मागितलेला नाही. तरीही वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा, मानसिक स्थितीचा स्पष्ट उल्लेख असलेला दाखला जोडावा, कारण पुढे पहिला हल्ला तिथेच होतो.

खरी अडचण साक्षीदारांची आहे. ओळख पटवणारे आणि मृत्युपत्राचे साक्षीदार हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे आहेत, आणि नोंदणीच्या गडबडीत हा फरक कोणी समजावून सांगत नाही.

समजा, कराडच्या एका आजींनी राहता फ्लॅट मुलीला आणि शेती दोन्ही मुलांना देणारे मृत्युपत्र लिहिले आणि त्यावर शेजाऱ्याची एकट्याचीच साक्ष घेतली. नोंदणीच्या दिवशी एजंटने बाहेर उभ्या असलेल्या दोघांना आत नेले आणि त्यांनी ‘यांना ओळखतो’ अशा आशयाच्या मजकुराखाली सह्या केल्या. शिक्का बसला, पावती मिळाली, सगळे निश्चिंत झाले. आजींच्या पश्चात धाकट्या मुलाने हरकत घेतली, तेव्हा त्या दोघांनी न्यायालयात सांगितले की आम्ही फक्त ओळख पटवली, मृत्युपत्राची साक्ष म्हणून सही केली नाही. म्हणजे दुसरा साक्षीदार उरलाच नाही आणि नोंदवलेले मृत्युपत्र निरुपयोगी ठरले. हे टाळायला खर्च येत नाही. मृत्युपत्रावर ज्यांच्या साक्षी आहेत त्याच दोघांना ओळख पटवण्यासाठीही न्यावे. साक्षीदार तरुण, कायमच्या पत्त्याचे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत.

नोंदणीमुळे पुराव्याचे ओझे उतरते, ही समजूतही खोटी आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 67 नुसार किमान एक साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल तर त्याला न्यायालयात बोलवावेच लागते. इतर नोंदणीकृत दस्तांना यात सवलत आहे, मृत्युपत्राला मुद्दाम वगळले आहे. साक्षीदार हयात नसतील तर मृत्युपत्रकर्त्याची सही आणि निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर सिद्ध करावे लागते. मग नोंदणीचा उपयोग काय? कागद हरवला तरी नक्कल मिळते, तारीख पक्की होते, आणि ती व्यक्ती स्वतः कार्यालयात हजर होती याची नोंद राहते. उपयोग मोठा आहे, पण एवढाच.

मृत्युपत्रकर्ता हयात असेपर्यंत नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, मुलांना नाही. मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला दाखवून इतरांना ती मागता येते. नोंदणीच राहून गेली असेल तर मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा लाभार्थी मृत्यूनंतरही ते सादर करू शकतो, मात्र मृत्युपत्र त्याच व्यक्तीने केले होते, ती मरण पावली आहे आणि सादर करणाऱ्याला तसा अधिकार आहे, या तिन्ही गोष्टींबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते.

शेवटचे मृत्युपत्र चालते, नोंदवलेले नव्हे. 2016 मध्ये नोंदवलेल्या मृत्युपत्राविरुद्ध 2022 चे साधे, पण दोन साक्षीदारांचे मृत्युपत्र निघाले आणि ते सिद्ध झाले, तर त्याच मालमत्तेबाबत नंतरचेच लागू होईल. म्हणून बदल करताना आधीच्या मृत्युपत्राचा नोंदणी क्रमांक लिहून ते रद्द केल्याचे स्पष्ट नमूद करावे.

सातबाऱ्यावरील फेरफारासाठी तलाठ्याने केवळ नोंदणी नाही म्हणून अर्ज नाकारला तर नकार लेखी मागावा. इतर वारसांनी हरकत घेतल्यास प्रकरण वादग्रस्त फेरफार म्हणून नोंदवले जाते. तेथे मृत्युपत्राच्या खरेपणाचा अंतिम निकाल लागत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते.