करंट रेशो २:१ च्या वर गेला की कंपनी मजबूत?

"सर, करंट रेशो ३:१ आला अन् डेट-इक्विटी पण कमीच आहे, मंग कंपनी मजबूत आहे असं लिहून टाकू का पेपरात?"

नका लिहू, आधी आत काय आहे ते पाहा. समजा आपल्याकडची एक जिनिंग आहे, करंट असेट्स ६० लाख, करंट लायबिलिटीज २० लाख, म्हणून रेशो ३:१. पण त्या ६० मध्ये ४२ लाखाच्या कापसाच्या गाठी गोडाऊनमध्ये पडून, १५ लाख उधारी अन् बँकेत फक्त ३ लाख. भाव पडला म्हणून मालक गाठी विकत नाही, स्टॉक वाढत जातो अन् त्याच्यानंच रेशो फुगलेला दिसते. स्टॉक बाजूला काढला की १८ भागिले २०, म्हणजे क्विक रेशो ०.९:१, साधारण १:१ पाहिजे त्याच्यापेक्षाही कमी. ती उधारी वेळेवर आली नाही तर अडकलेच समजा.

आता डेट-इक्विटी. लाँग टर्म कर्ज ३० लाख, मालकाचा फंड ४० लाख, ०.७५:१, दिसायला हलकं. पण पुस्तकातल्या फॉर्म्युल्यात डेट म्हणजे फक्त लाँग टर्म, अन् कापूस घ्यायला उचललेलं १२ लाखाचं कॅश क्रेडिट त्या २० लाखाच्या करंट लायबिलिटीजमध्ये बसलेलं असते, ते इथं दिसतच नाही. ते धरलं तर ४२ भागिले ४०, १.०५:१.

म्हणून उत्तरात लिहा: लाँग टर्म कर्जाचा भार बेताचा आहे, पण रोजची देणी गाठी विकल्या जाण्यावर अन् उधारी वसुलीवर टांगलेली आहेत.