जर्मन यंत्रानुवादाचे पोस्ट-एडिटिंग

यंत्राने केलेला जर्मन अनुवाद मूळ मजकुराशी ताडून दुरुस्त करण्याच्या कामाला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. या कामासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १८५८७, २०१७ साली आले. दुरुस्त झालेला मजकूर माणसाने थेट केलेल्या अनुवादाच्या तोडीचा असावा, अशी त्यात पूर्ण पोस्ट-एडिटिंगकडून अपेक्षा आहे. नुसता अर्थ कळण्यापुरती डागडुजी केली, तर ते हलके पोस्ट-एडिटिंग.

२०१६-१७च्या सुमारास गूगल आणि कोलोनची डीपएल यांनी न्यूरल पद्धतीचा अनुवाद सर्वांना खुला केला आणि या कामाचे स्वरूप पालटले. जुनी यंत्रे एकाच पदबंधात आर्टिकल एका विभक्तीचे आणि विशेषण दुसऱ्या विभक्तीचे जोडत. असली चूक जर्मन येणाऱ्याला वाचताक्षणी खटके. आजचे यंत्र तसे क्वचितच करते. आजचे चुकलेले वाक्य एकटे वाचले तर बहुधा निर्दोष असते. मूळ वाक्याशी किंवा मागच्या-पुढच्या वाक्यांशी लावून पाहिले, तरच ते चुकल्याचे कळते. फक्त जर्मन मजकूर वाचत जाणारा संपादक म्हणूनच फसतो.

विभक्तीचे उदाहरण घेऊ. जर्मनमधील ‘इन’, ‘आउफ’, ‘उंटर’ यांसारखी नऊ शब्दयोगी अव्यये दोन विभक्ती घेतात: हालचालीची दिशा सांगायची तर आकुझाटिव्ह, ठिकाण सांगायचे तर डाटिव्ह. ‘ड्रेएन झी डी श्राउबे इन डी हाल्टरुंग’ म्हणजे स्क्रू धारकाच्या आत फिरवून बसवा. ‘इन डेअर हाल्टरुंग’ म्हणजे धारकात आधीच असलेला स्क्रू तिथल्या तिथे फिरवा. दोन्ही वाक्ये शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन-तपासनीस दोन्हींना मान डोलावतो. इंग्रजी मूळ वाक्य इथे अनेकदा मोघम असते आणि यंत्र एक अर्थ उचलून मोकळे होते. कोणता अर्थ बरोबर हे व्याकरण सांगत नाही, मजकुरासोबतची आकृती सांगते. आकृतीही नसेल, तर ग्राहकाला विचारावे लागते.

दुसरी अडचण रूपांच्या सारखेपणाची. कर्त्याची नॉमिनाटिव्ह आणि कर्माची आकुझाटिव्ह या विभक्तींच्या आर्टिकलमधला फरक एकवचनी पुल्लिंगी नामातच दिसतो, ‘डेअर’चे ‘डेन’ होते म्हणून. स्त्रीलिंगी ‘डी’ आणि नपुंसकलिंगी ‘डास’ दोन्हीकडे तसेच राहतात. ‘डी पुम्पे श्टॉयअर्ट डी एलेक्ट्रोनिक’ या वाक्यात पंप इलेक्ट्रॉनिक्सला नियंत्रित करतो की इलेक्ट्रॉनिक्स पंपाला, हे आर्टिकलवरून ठरत नाही. वाचणारा शब्दक्रमावर विसंबतो. इंग्रजीतला कर्मणी प्रयोग यंत्राने कर्तरी केला असेल, तर अशा वाक्यात कर्ता-कर्म उलटे तर झाले नाहीत ना, एवढे मुद्दाम पाहावे.

लिंगाच्या चुका मात्र साखळीने येतात. मराठी माणसाला तीन लिंगांची सवय असते, पण ती इथे अर्धीच कामाला येते: आपला पंप ‘तो’, जर्मनांची ‘पुम्पे’ स्त्रीलिंगी. एका उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत तीन सूचना आहेत असे समजू: कार्ट्रिज आवरणात बसवा, ते कोरडे आहे याची खात्री करा, उपकरण फक्त नव्या कार्ट्रिजसह चालवा. इंग्रजीत दुसऱ्या सूचनेत नुसते ‘इट’ आहे. यंत्र लिहिते: ‘झेट्सेन झी डी कार्टुशे इन डास गेहॉयझे आइन. फेअरगेविसर्न झी झिश, डास एस ट्रोकेन इस्ट. बेट्राइबेन झी डास गेरेट नूर मिट आइनर नॉयेन कार्टुशे.’ कार्टुशे स्त्रीलिंगी, गेहॉयझे नपुंसकलिंगी. त्यामुळे नपुंसकलिंगी सर्वनाम ‘एस’ म्हटल्यावर कोरडे असायला हवे ते आवरण. पुस्तिकेला कार्ट्रिजबद्दल बोलायचे असेल, तर तिथे स्त्रीलिंगी ‘झी’ हवे. इंग्रजी ‘इट’वर लिंगाची खूण नसते आणि यंत्राने प्रत्येक वाक्य सुटे घेतले असेल, तर त्याला मागचे नाम दिसलेलेही नसते.

आता ग्राहकाच्या शब्दसूचीत ‘कार्टुशे’ऐवजी ‘फिल्टरआइनझात्स’ आहे असे धरू. जर्मन जोडशब्दाचे लिंग शेवटच्या घटकावरून ठरते आणि ‘आइनझात्स’ पुल्लिंगी आहे. म्हणून पहिल्या वाक्यात ‘डी’चे ‘डेन’, दुसऱ्यात सर्वनाम ‘एअर’ आणि तिसऱ्यात ‘आइनर नॉयेन’चे ‘आइनेम नॉयेन’ व्हायला हवे. शोधा-आणि-बदला आज्ञा दिली, तर फक्त नाम बदलते आणि भोवतालचे सगळे स्त्रीलिंगीच राहते. त्यातही ‘डेअर’ सर्वांत फसवे. ‘मिट डेअर कार्टुशे’ हे स्त्रीलिंगी डाटिव्ह आहे. तिथे नाम बदलल्यावर उरणारे ‘डेअर फिल्टरआइनझात्स’ पुल्लिंगी नॉमिनाटिव्हसारखे दिसते आणि घाईत नजरेतून निसटते, जरी ‘मिट’नंतर ‘डेम’च हवे. खात्रीचा उपाय एकच: नव्या नामाची प्रत्येक जागा शोधायची, प्रत्येक ठिकाणी आर्टिकल व विशेषण तपासायचे आणि पुढच्या एक-दोन वाक्यांतली सर्वनामेही पाहायची. अनेकवचन वेगळे शोधावे लागते, कारण ‘आइनझेट्से’मध्ये स्वर बदलतो.

काही चुका संपादक स्वतःच घालतो. ‘उंटरश्ट्युत्स्ट डेन कुंडेन’ म्हणजे एका ग्राहकाला साहाय्य करतो. क्रियापद साधे करावे म्हणून तिथे ‘हिल्फ्ट’ टाकले आणि बाकी तसेच ठेवले, तर ‘हिल्फ्ट डेन कुंडेन’ हेही शुद्धच दिसते. पण ‘हिल्फ्ट’चे मूळ क्रियापद ‘हेल्फेन’ डाटिव्ह घेते आणि ‘डेन कुंडेन’ हे डाटिव्हमध्ये अनेकवचन आहे. एका ग्राहकाचे अनेक ग्राहक झाले. मुळात हा बदल गरजेचाच नव्हता. केवळ स्वतःच्या आवडीसाठी शब्द बदलणे हा पोस्ट-एडिटिंगमधला वेळखाऊ दोष आहे, तो असा महागही पडतो.

व्यक्तिवाचक नामांमध्ये प्रश्न व्याकरणाच्या पलीकडे जातो. इंग्रजी ‘नर्स’चे यंत्राने ‘क्रांकेनश्वेस्टर’ केले, तर ती स्त्री ठरते आणि शब्दही जुना पडतो. २०२०पासून जर्मनीत नर्सिंगच्या शिक्षणक्रमाची अधिकृत पदनामे ‘फ्लेगेफाखफ्राउ’ व ‘फ्लेगेफाखमान’ अशी आहेत. दोन्ही लिंगे दाखवण्यासाठी शब्दात तारांकन घालायचे की नाही, हे ग्राहकाच्या शैलीपत्रकावर सोडावे. बव्हेरिया राज्याने २०२४मध्ये आपल्या सरकारी कार्यालयांना अशी चिन्हे वापरण्यास बंदी केली आहे.

संबोधनाची पातळी आधी ठरवून घेतली नाही, तर पुढचे सगळे काम दोनदा करावे लागते. इंग्रजी ‘यू’साठी जर्मनमध्ये औपचारिक ‘झी’, जवळिकीचे ‘डू’ आणि त्याचे अनेकवचन ‘ईअर’ आहे. यंत्र एका परिच्छेदात ‘झी’ म्हणते आणि बटणाखालच्या सूचनेत अचानक ‘डू’वर येते. काही सेवांत पातळी आधी निवडता येते, तरी सुटे तुकडे निसटतातच. ‘झी’ हेच बरोबर असेही नाही: आयकिया जर्मनीत ग्राहकांना ‘डू’च म्हणते. बटणांवर आणि सूचनांच्या शीर्षकांत तर दोन्ही टाळून नुसते क्रियापदाचे मूळ रूप वापरतात, उदाहरणार्थ ‘श्पाइशर्न’, म्हणजे जतन करणे.

पातळी बदलताना एका सर्वनामाने भागत नाही. ‘फेअरगेविसर्न झी झिश’चे ‘फेअरगेविसरे डिश’ होते, म्हणजे क्रियापद आणि आत्मवाचक सर्वनाम दोन्ही बदलतात, आणि ‘तुमचे’ या अर्थाचे ‘ईअर’ जाऊन ‘डाइन’ येते. या ‘ईअर’कडे विशेष लक्ष हवे. मोठ्या आय अक्षराने ते ‘आपले’ असते, लहानाने ‘तिचे’ किंवा ‘त्यांचे’, आणि वाक्याच्या आरंभी हा फरकच पुसला जातो. तसेच ‘झी’चे. वाक्य मोठ्या एसने सुरू झाले, तर क्रियापद पाहावे: ‘झी डार्फ’ म्हणजे ती किंवा ती वस्तू, ‘झी ड्युर्फेन’ म्हणजे आपण किंवा ते सगळे. औपचारिक मजकुरात राहिलेले ‘डू’ शोधायचे, तर ‘डाइन’, ‘डिअर’, ‘डिश’ यांच्याबरोबर ‘झी’ नसलेली आज्ञार्थी क्रियापदेही शोधावी लागतात, कारण ‘क्लिके’सारख्या आज्ञेत सर्वनाम दिसतच नाही.