विज्ञान-संकल्पनेचे मौखिक स्पष्टीकरण

पाठ्यपुस्तकातील दाट परिच्छेद साधारण बारा वर्षांच्या मुलांना ऐकून कळेल अशा बोलीत नव्याने मांडण्याची ही अध्यापनपद्धती आहे. वाचणाऱ्याला वाक्य अडले तर मागे जाता येते, ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून येथे शब्द सोपे करण्यापेक्षा विचारांचा क्रम बदलणे महत्त्वाचे ठरते. बाष्पीभवनाने पाणी थंड का होते, हा पाठ त्याचे चांगले उदाहरण आहे.

पुस्तकी धाटणीचे वाक्य असे असते: ‘सरासरीपेक्षा अधिक गतिज ऊर्जा असलेले रेणू द्रवाच्या पृष्ठभागावरून निसटल्याने उर्वरित रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा घटते व द्रवाचे तापमान कमी होते.’ यात कारण आणि परिणाम दोन्ही आहेत, पण सगळे एका दमात. शिक्षक सुरुवात माठापासून करतो: ‘मुलांनो, माठ बाहेरून ओलसर का लागतो? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं. त्या पाण्याचे कण सारखे धावत असतात, कुणी हळू, कुणी जोरात. बाहेर कोण उडून जाईल? जोरात धावणारे. मग मागे कोण उरलं?’ उत्तर मुलांकडून आल्यावर फळ्यावर तीन मुलांची उंची लिहावी: १३०, १४० आणि १५० सेंटिमीटर. सरासरी १४० येते. सर्वांत उंच मुलगा बाहेर गेला की ती १३५ होते, आणि उरलेल्यांपैकी कुणाचीही उंची मात्र बदललेली नसते. ‘गतिज ऊर्जा’ हा शब्द यानंतर द्यावा, म्हणजे तो मुलांना आधीच कळलेल्या गोष्टीचे नाव म्हणून येतो.

उपमेची मर्यादा त्याच तासाला सांगणे आवश्यक आहे. मुलांची उंची ठरलेली असते, कणांचा वेग ठरलेला नसतो; ते एकमेकांवर आदळतात, त्यातून काहींना पुन्हा जोर मिळतो आणि बाष्पीभवन चालूच राहते. हे राहून गेले, तर ‘गरम कण उडाले, थंड कण उरले’ अशी चुकीची समजूत पक्की होते. एकटा कण गरम किंवा थंड नसतो. तापमान हा असंख्य कणांच्या समूहाचा गुण आहे.

आकडा एकच पुरे. १० लिटरच्या माठातून १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा पेला, पाणी उडून गेले आणि बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले, तर उरलेले पाणी सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड होईल. प्रत्यक्षात सभोवतालची हवा त्याला सतत तापवत असते, त्यामुळे घट याहून कमी भरते.

समजले की नाही, हे मुलांकडून व्याख्या म्हणवून घेतल्याने कळत नाही. माठाला बाहेरून ऑइल पेंट लावला तर काय होईल, आणि तोच माठ मे महिन्यात नागपूरला जास्त गार करील की रत्नागिरीला, हे विचारावे. ‘माती मुळातच थंड असते’ असे उत्तर आले, तर स्पष्टीकरण पोचलेले नाही. रंगाने छिद्रे बुजतात आणि कोकणच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते, असे मूल आपल्या शब्दांत सांगू लागले, तर ते पोचले आहे.