दिवाळीच्या शुभेच्छांमधलं 'नवीन हिशेबी वर्ष' नेमकं कुठून आलं

"सर्व व्यापारी बांधवांना धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजनाच्या हार्दिक शुभेच्छा, येणारं नवीन हिशेबी वर्ष आपणा सर्वांना भरभराटीचं, बरकतीचं जावो." दर दिवाळीला हा मेसेज मी आमच्या भुसार लाइनमधल्या सगळ्यांना पाठवतो, माझ्या आधी वडील हेच पोस्टकार्डावर लिहायचे. मागच्या दिवाळीला पुतण्याने विचारलं, तो सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतोय, की काका हिशेबी वर्ष तर एक एप्रिलला सुरू होतं, मग दिवाळीत कसलं नवीन वर्ष? प्रश्न बरोबर होता आणि उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, दिवाळीत आपल्या मराठी पंचांगाचं वर्ष बदलतच नाही. आपला शालिवाहन शक गुढीपाडव्याला बदलतो. २०२५ च्या दिवाळीत शके १९४७ चालू होतं आणि दिवाळीच्या पाडव्यानंतरही तेच चालू राहिलं. बदललं ते विक्रम संवत, २२ ऑक्टोबर २०२५ ला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला संवत २०८२ लागलं. हे कार्तिकापासून सुरू होणारं संवत गुजरातचं, तिथे घराघरात नवीन वर्ष त्याच दिवशी. मारवाडी मंडळींचं पंचांगाचं संवत खरं तर चैत्रात बदलतं पण त्यांच्या वह्या मात्र दिवाळीलाच बदलायच्या. आणि आपल्याकडे मुंबई असो की जिल्ह्याची पेठ, हे सगळे शेजारी शेजारी बसून धंदा करायचे, एकमेकांच्या हुंड्या, उधाऱ्या, आडत चालायची, तर बाकी जुळवायचा दिवस सगळ्यांचा एकच असणं सोयीचं होतं. म्हणून घरात गुढीपाडवा आणि पेढीवर दिवाळीचा पाडवा अशी दोन नवीन वर्षं मराठी दुकानदाराने कसलाही गोंधळ न होऊ देता पिढ्यान्‌पिढ्या पाळली.

पण दिवाळीच का, ह्याचं कारण माझ्या मते पंचांगापेक्षा पावसात जास्त आहे. जून ते सप्टेंबर रस्ते बंद, गाड्या चिखलात, माल हलत नाही, आणि ह्याच महिन्यांत शेतकऱ्याला बी-बियाणं, किराणा, कपडा सगळं उधारीवर लागतं. म्हणजे व्यापाऱ्याची वही पावसाळ्यात सगळ्यात जास्त "नावे" बाजूला झुकलेली असते. मग मूग-उडीद येतो, बाजरी येते, कापूस फुटायला लागतो, माल बाजारात उतरतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो आणि उचल परत यायला लागते. अश्विन संपेस्तोवर बऱ्याच खात्यांची बाकी निघालेली असते, गोदाम मोकळं असतं आणि नवीन सीझनची खरेदी अजून जोरात सुरू व्हायची असते. वही बंद करून नवीन उघडायला ह्याच्यापेक्षा चांगली वेळ खरीपाच्या मुलखात दुसरी नाही. त्याच महिन्याची अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन, जुना चांद्र महिना संपला, दुसऱ्या दिवशी साडेतीन मुहूर्तांतला पाडवा, दोन्ही गोष्टी बरोबर जुळल्या.

आता पुतण्याला जे पटत नव्हतं ते सांगतो. हे वर्ष नुसतं श्रद्धेचं नव्हतं, इन्कम टॅक्सला पण ते चालायचं. कायद्यात एप्रिल-मार्च हे सरकारचं आर्थिक वर्ष होतंच, ते इंग्रजांनी १८६७ पासून लावलेलं, पण व्यापाऱ्याला आपली वही कधी बंद करायची ह्याची मोकळीक होती. १९६१ च्या आयकर कायद्यात सुद्धा होती. कुणी दिवाळी वर्ष धरायचं, कुणी कॅलेंडर वर्ष, कुणी मार्च. समजा दिवाळी १९८६ ला वही बंद केली तर ती कमाई १९८७-८८ ह्या कर निर्धारण वर्षात, म्हणजे ज्या वर्षी तिच्यावर टॅक्स आकारला जातो त्या वर्षात, दाखवायची, मार्च १९८७ ला बंद करणाऱ्याची पण त्याच वर्षात. म्हणजे दिवाळीवाल्याला हिशेब तयार करायला आणि पैसे फिरवायला चार-पाच महिने जास्त मिळायचे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी दिवाळी वर्ष सोडलं नाही त्यात ह्या फायद्याचाही वाटा होता. पण घरातल्या दोन फर्मची दोन वेगवेगळी वर्षं ठेवली की नफा इकडून तिकडे सरकवता येतो, हे सरकारला दिसत होतंच.

म्हणून १९८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि कर निर्धारण वर्ष १९८९-९० पासून सगळ्यांना ३१ मार्चलाच वही बंद करायची सक्ती झाली. ह्या बदलाचं गणित आमच्या वडिलांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने मांडलेलं मी पाहिलंय म्हणून ते इथे मांडून दाखवतो. १९८७ चं लक्ष्मीपूजन २२ ऑक्टोबरला. २३ ऑक्टोबरला पाडवा, संवत २०४४, नवीन वही उघडली. पुढचं लक्ष्मीपूजन आलं ९ नोव्हेंबर १९८८ ला, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, तेरा महिन्यांचं वर्ष, मोजले तर ३८४ दिवस. नेहमी इथे वही बंद झाली असती. पण आता टॅक्सवाल्याच्या हिशेबाने ती बंद करायची नव्हती, ती पुढे ३१ मार्च १९८९ पर्यंत ओढायची होती, म्हणजे आणखी १४२ दिवस. सगळे मिळून ५२६ दिवस, सतरा महिने नऊ दिवसांचं एक वर्ष! एवढ्या दिवसांचा नफा एकाच वर्षात धरला तर माणूस उगाच वरच्या स्लॅबात जाईल, म्हणून त्या एका वर्षापुरता सवलतीचा हिशेब कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात दिलेला होता.

त्या पुठ्ठ्यावर ३८४ च्या खाली दोन रेघा मारलेल्या आहेत, आणि वडिलांनी त्या का मारल्या ते मला धंद्यात पडल्यावर कळलं. दिवाळी वर्ष सरळ असलं तर ३५४-३५५ दिवसांचं, अधिक महिना आला की ३८४ चं. म्हणजे ह्या वर्षी विक्री आठ टक्के वाढली असं वहीत दिसलं तरी ती वाढ कदाचित फक्त एका जास्तीच्या महिन्याची असायची. जुनी माणसं म्हणून नफ्याचा आकडा बघताना आधी विचारायची, "अधिक होता का?" महिन्याने व्याज असलेल्या खात्यांत तर तेरावं व्याज लावायचं की नाही ह्यावरून वाद व्हायचे. एप्रिल-मार्चने हा त्रास संपवला, हे मान्य करायलाच पाहिजे.

मग पूजेचं काय झालं? १९८९ नंतर पेठेत दोन पद्धती पडल्या. काही जण चालू वहीचीच, म्हणजे एप्रिलपासून अर्धी भरलेल्या वहीचीच पूजा करायला लागले. आमच्याकडे मात्र धनत्रयोदशीला पुढच्या वर्षाच्या नवीन वह्या आणायच्या, लाल कापडी बांधणीच्या, रोजमेळ एक आणि खतावणी एक, लक्ष्मीपूजनाला त्यांच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक, वर "श्री", खाली शुभ-लाभ, मग तिथी, शके आणि संवत दोन्ही, आणि जमेला सव्वा रुपया, जेणेकरून वहीची सुरुवात शिल्लकेनेच व्हावी. हळद-कुंकू, अक्षता, विडा, वर सुपारी आणि नाणं, लाह्या-बत्तासे, बाजूला नवी केरसुणी. आणि मग ती वही लाल फडक्यात बांधून तिजोरीत, थेट एक एप्रिलला बाहेर. आता हिशेब सगळा कॉम्प्युटरवर असतो तरी ह्या दोन वह्या येतातच, आणि कीबोर्डलाही कुंकवाचं बोट लागतं. शेअर बाजारवाल्यांनी तर संवत अजून जिवंत ठेवलंय, मुंबई शेअर बाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, २०२५ ला ते २१ ऑक्टोबरला भर दुपारी झाले, आणि त्यांच्या सगळ्या शुभेच्छांत "संवत २०८२" असंच लिहिलेलं होतं.

एक गोष्ट मात्र नवीन दुकानदारांनी नीट लक्षात घ्या कारण ह्यात मी स्वतः अडकलोय. पाडव्याला मुहूर्ताचं पहिलं बिल फाडायचं, नंबर १, ही जुनी रीत. जीएसटी आल्यावर पण मी एका पाडव्याला तेच केलं, एका गिऱ्हाइकाला साखरेचं पोतं दिलं, बिल नंबर १, आणि पुढची बिलं २, ३ अशीच चालू ठेवली. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ हा विक्रीचा रिटर्न भरायला बसलो तर पोर्टल डुप्लिकेट नंबर म्हणून बिलं घेईचना. कारण एप्रिलमध्ये नंबर १ चं बिल आधीच जाऊन बसलेलं, आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, एकदाच येऊ शकतो. पंचवीसेक गिऱ्हाइकांना फोन करून बिलं बदलून द्यावी लागली, त्यांनी जुन्या नंबरने खरेदी चढवलेली, त्यांचा पण व्याप वाढला, सणासुदीत मला फार वाईट वाटलं.

ह्यावर रस्ता त्याच नियमात आहे. नंबरची एकच मालिका ठेवा असं तो म्हणत नाही, एकापेक्षा जास्त चालतात, फक्त प्रत्येक मालिका क्रमाने हवी आणि अक्षरं, आकडे, डॅश, तिरकी रेघ सगळं धरून नंबरची लांबी १६ खुणांच्या वर जायला नको. म्हणून आता मी नेहमीची मालिका चालूच ठेवतो आणि मुहूर्ताच्या बिलांना वेगळी देतो:

```
LP/25-26/1
```

सॉफ्टवेअरमध्ये ही मालिका धनत्रयोदशीच्या आधीच बनवून ठेवा, पाडव्याच्या गर्दीत जमत नाही. रिटर्न भरताना कागदपत्रांच्या तक्त्यात ती वेगळी मालिका म्हणून दाखवा, कितीपासून कितीपर्यंत ते. मुहूर्ताचं बिल नंबर १ पण राहतं आणि एप्रिलच्या नंबर १ शी भांडण पण होत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर पुतण्या म्हणाला, मग मेसेजमध्ये "हिशेबी वर्ष" ऐवजी "संवत" लिहा ना काका, ते बरोबर होईल. मी विचार केला आणि ह्या वेळी दोन्ही लिहिलं. पण वडिलांच्या पोस्टकार्डावरचा शेवटचा शब्द आहे तसाच ठेवला, "बरकत".