रिटेन्शन दिसलं की समोरून हल्ला? थांबा!

एमएस्सीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी न चुकता भेटतं: ‘शेजारी गट मदत करतो, म्हणून न्यूक्लिओफाइल समोरून येतो आणि कॉन्फिगरेशन टिकतं.’ पूर्वार्ध बरोबर, उत्तरार्ध साफ चूक. ही चूक येते कुठून हेही दिसतं. एसएनआय आणि शेजारी गटाचा सहभाग या दोन्हींच्या शेवटी ‘रिटेन्शन’ हा एकच शब्द येतो, आणि मग दोन्हींना एकच आकृती चिकटवली जाते.

एसएनआय तुम्हाला येतं, म्हणून थोडक्यात. अल्कोहोल आणि थायोनिल क्लोराइड यांपासून क्लोरोसल्फाइट बनतं, कार्बन-ऑक्सिजन बंध सुटतो, आणि आयनांची जोडी विलग व्हायच्या आतच क्लोरीन त्याच बाजूने कार्बनला भिडतो. पिरिडिन घातलं की मोकळा क्लोराइड मागून येतो आणि इन्व्हर्जन होतं. ‘समोरून’ हा शब्द शोभतो तो इथेच.

शेजारी गटाच्या बाबतीत समोरून कोणीही येत नाही. तिथे मागून दोनदा हल्ला होतो. २-ब्रोमोप्रोपॅनोएट घ्या, एस रूपातलं. त्यावर तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं, तर भरपूर हायड्रॉक्साइड थेट मागून येतो, साधं एसएन२ होतं आणि आर-लॅक्टेट मिळतं. आता हायड्रॉक्साइड अगदी विरळ ठेवा आणि सिल्व्हर ऑक्साइड घाला. चांदीचा आयन ब्रोमीनला ओढू लागतो, आणि बाहेरचा न्यूक्लिओफाइल पोचण्याआधी रेणूतलाच कार्बोक्सिलेट हात घालतो. त्याचा ऑक्सिजन ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने त्या कार्बनवर येतो, ब्रोमाइड जातो आणि तीन अणूंचं कडं असलेला अल्फा-लॅक्टोन बनतो. हे पहिलं इन्व्हर्जन. कड्याचा ऑक्सिजन आता कार्बनच्या मागच्या बाजूला बसला आहे. मग पाणी किंवा हायड्रॉक्साइड त्याच कार्बनवर या ऑक्सिजनच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे जिथून ब्रोमीन गेला त्या बाजूने, येतो. हे दुसरं इन्व्हर्जन. छत्री वाऱ्याने एकदा उलटली आणि पुन्हा उलटली की पूर्ववत दिसते, तसंच. हाती येतं एस-लॅक्टेट. कॉड्री, ह्यूज आणि इंगोल्ड यांनी १९३७ साली हे उदाहरण मांडलं.

जाता जाता एक चीड. कित्येक जण फक्त ‘एस ते एस’ बघून रिटेन्शन जाहीर करतात. इथे ते खरं ठरतं, कारण ब्रोमीनच्या जागी आलेला हायड्रॉक्सिलही अग्रक्रमात पहिलाच राहतो. क्रम बदलला तर अक्षर फसवतं. आकृती काढा, अक्षरावर विसंबू नका.

दुसरी फसगत याहून बारीक आहे. शेजारी गटामुळे रिटेन्शन झालं म्हणजे प्रकाशीय सक्रियताही टिकली, असं धरलं जातं. विन्स्टाइन यांनी अभ्यासलेलं २-ॲसिटॉक्सिसायक्लोहेक्झिल टोसिलेट बघा. अ‍ॅसेटिक आम्लात ट्रान्स रूपातून ट्रान्स डायअ‍ॅसिटेट मिळतं, म्हणजे रिटेन्शन. पण सुरुवातीचं ट्रान्स शुद्ध एकाच एनँशिओमरचं असलं, तरी मिळणारं डायअ‍ॅसिटेट रॅसेमिक असतं! शेजारच्या अ‍ॅसिटेटचा कार्बोनिल ऑक्सिजन टोसिलेटच्या मागून येतो आणि पाच अणूंच्या कड्याचा अ‍ॅसिटॉक्सोनियम आयन बनतो. हा आयन सममित आहे. अ‍ॅसेटिक आम्ल त्याच्या दोनपैकी कोणत्याही कार्बनवर सारख्याच सहजतेने येतं. दोन्हीकडून मिळतं ट्रान्सच, पण एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं, निम्मी-निम्मी. लॅक्टेटच्या उदाहरणात हे घडत नाही, कारण तिथे एकच किरॅल कार्बन आहे आणि दुसरा न्यूक्लिओफाइल पुन्हा त्याच्यावरच येतो.

गंमत अशी की सिस टोसिलेटपासूनही ट्रान्स डायअ‍ॅसिटेटच मिळतं, पण साध्या इन्व्हर्जनने. त्यामुळे नुसतं उत्पादन बघून शेजाऱ्याचा हात आहे की नाही हे कळत नाही. वेग सांगतो: ट्रान्सची अभिक्रिया सिसपेक्षा सुमारे ६७० पट वेगाने होते. ट्रान्समध्ये अ‍ॅसिटेट आणि टोसिलेट दोन्ही अक्षीय स्थितीत येऊन एकमेकांच्या बरोबर विरुद्ध उभे राहू शकतात. सिसमध्ये एक अक्षीय तर दुसरा विषुववृत्तीय, त्यामुळे शेजाऱ्याला मागे पोचताच येत नाही.

म्हणून परीक्षेत रिटेन्शन दिसलं की ‘समोरून’ लिहिण्याआधी शेजारच्या कार्बनकडे एक नजर टाका. तिथे कार्बोक्सिलेट, अ‍ॅसिटेट, सल्फर किंवा असाच एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीचा गट सुटणाऱ्या गटाच्या विरुद्ध बाजूला पोचू शकत असेल, तर वाकडे बाण दोन काढा, आणि दोन्ही मागून.